कागदावर मावलेले, जागेवर न मावलेले : स्टॉलच्या नकाशातील एक फसवणूक

प्रदर्शनात प्रथमच स्टॉल घेणाऱ्यांनी सजावटीच्या कंत्राटदाराकडून आलेला नकाशा कसा तपासावा, हे कळावे म्हणून मी हा अनुभव लिहीत आहे. माझी फसवणूक झाली ती पंचाहत्तर टक्क्यांच्या एका साध्या युक्तीने, आणि ती पकडायला शाळेच्या कंपासपेटीतील मोजपट्टीखेरीज काहीही लागले नसते.

आमचा स्टॉल ३ मीटर रुंद व ३ मीटर खोल होता. तीन बाजूंना भिंती होत्या आणि समोरची बाजू उघडी होती. आयोजकांकडून फक्त भिंती मिळणार होत्या, म्हणून आतील फर्निचर भाड्याने देणाऱ्या एका कंत्राटदाराला काम दिले. त्याचे बिल वस्तूंच्या संख्येवर होते, म्हणजे जितक्या वस्तू स्टॉलमध्ये मावतील तितका त्याचा फायदा. ही गोष्ट मला ठाऊक होती, पण नकाशा पाहताना ती माझ्या लक्षात राहिली नाही.

त्याने पाठवलेला नकाशा देखणा होता. प्रमाण १:२० असे ठळक लिहिलेले होते, बाहेरील मापरेषांवर दोन्ही बाजूंना ३००० मिलिमीटर असा आकडा होता आणि उघडी बाजू बाणाने दाखवली होती. मागच्या भिंतीलगत डाव्या कोपऱ्यात १ मीटर बाय १ मीटरची सामानाची खोली होती. तिच्या शेजारी दोन रॅक व त्यांच्या मधोमध माहितीपत्रकांचा स्टँड होता. मध्यभागी एक टेबल, त्याच्या मागेपुढे खुर्च्या आणि अगदी पुढे काउंटर होते. प्रत्येक चिन्हाजवळ नाव व माप स्वच्छ अक्षरांत होते : टेबल १२०० × ६००, खुर्ची ४५० × ४५०, रॅक ९०० × ४००, काउंटर १००० × ५००. चिन्हांच्या आजूबाजूला भरपूर मोकळी जागा दिसत होती. मी आकडे वाचले, चित्र पाहिले, दोन्ही पटले आणि निम्मी रक्कम आगाऊ दिली.

मांडणीच्या दिवशी टेबल ठेवल्यावर खुर्ची मागे सरकेना, रॅकसमोर उभा राहिलेला माणूस तिरका होऊनही पुढे जाईना, आणि माहितीपत्रकांचा स्टँड दोन रॅकच्या मध्ये शिरेचना. कंत्राटदाराचे उत्तर तयार होते. तो म्हणाला, “साहेब, तुम्ही घरी प्रिंट काढली असेल, प्रिंटमध्ये नकाशा आकसतो. आमच्या फाइलमध्ये सगळे बरोबर आहे.”

हे उत्तर ऐकायला खरे वाटते, कारण त्यात अर्धे सत्य आहे. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिला, तर नकाशा खरोखरच काही टक्क्यांनी लहान होतो आणि प्रमाण बिघडते. मात्र तसे झाले तर कागदावरील प्रत्येक रेषा सारख्याच गुणोत्तराने लहान होते. कागद भिंतीला एक न्याय आणि टेबलाला दुसरा न्याय लावत नाही. त्या संध्याकाळी मी प्रिंटवर मोजपट्टी ठेवली. १:२० प्रमाणात ३००० मिलिमीटरची भिंत १५० मिलिमीटर भरायला हवी, आणि ती नेमकी तेवढी भरली. टेबलाची लांबी ६० मिलिमीटर भरायला हवी होती, ती भरली ४५. काउंटर ५० ऐवजी साडेसदतीस मिलिमीटर भरले. रॅकचेही तेच झाले. भिंती खऱ्या मापाच्या आणि आतील फर्निचर मात्र एकजात पाऊणपट.

पुढे हाच नकाशा मी त्याच्याकडून संगणकीय आरेखनाच्या फाइलच्या स्वरूपात मागून घेतला आणि एका परिचित आरेखकाला दाखवला. त्याने टेबलाच्या चिन्हावर क्लिक करून गुणधर्मांची चौकट उघडली, तेव्हा तेथे `Scale X` आणि `Scale Y` या दोन्ही ओळींपुढे 0.75 असे होते. सर्व फर्निचर-चिन्हांची हीच स्थिती होती. शेजारचे ‘१२०० × ६००’ हे मोजलेले माप नव्हते, तो हाताने टाइप केलेला मजकूर होता. चिन्ह कितीही आकसले तरी तो बदलणार नव्हता. एखाद्या चिन्हाच्या बाबतीत हे घडले असते, तर मी त्याला हलगर्जीपणा म्हटले असते.

या लबाडीचे मर्म न काढलेल्या एका रेषेत होते, असे मला आता वाटते. स्टॉलचे एकूण माप नकाशात होते, प्रत्येक वस्तूचेही होते, पण मागच्या भिंतीपासून उघड्या बाजूपर्यंत एका ओळीत वस्तू, मोकळी जागा, पुन्हा वस्तू अशी सलग मापे देणारी साखळी कोठेच नव्हती. ती मी नंतर स्वतः मांडून पाहिली. रॅक ४००, खुर्ची ४५०, टेबल ६००, दुसरी खुर्ची ४५० आणि काउंटर ५०० यांची बेरीज २४०० होते. ३००० मधून उरतात ६०० मिलिमीटर, आणि ते रॅकपुढे व काउंटरमागे वाटले की प्रत्येकी ३००, म्हणजे जेमतेम एक वीत आणि चार बोटे. चिन्हे पाऊणपट केली की तीच बेरीज १८०० होते व कागदावर मोकळी जागा थेट दुप्पट, १२०० दिसते. शिवाय खुर्चीत बसलेल्या माणसाला टेबलाच्या कडेपासून मागे साधारण ७०० मिलिमीटर लागतात, हे चिन्ह कधीच सांगत नाही. मागच्या भिंतीचा हिशोबही असाच होता : खोली सोडून उरलेल्या २००० मध्ये १८०० चे दोन रॅक आल्यावर ४०० चा स्टँड कोठून मावणार? कागदावर मात्र तो ऐसपैस बसला होता, आणि त्याचे भाडे मी भरले होते. (भिंतींचे खांब आत येत असल्याने प्रत्यक्ष जागा नाममात्र मापापेक्षा काही सेंटिमीटर कमीच भरते, ते वेगळेच.)

त्या रात्री मी मिलिमीटरच्या आलेख-कागदावर १५० चा चौकोन आखला आणि जाड पुठ्ठ्याचे तुकडे कापले : टेबल ६० × ३०, काउंटर ५० × २५, रॅक ४५ × २०, खुर्ची साडेबावीसचा चौरस, आणि उभ्या माणसासाठी ३० मिलिमीटर व्यासाची चकती. खोलीच्या दाराची पाती उघडताना जो चाप घेते, तोही पेन्सिलीने काढला. कंत्राटदाराच्या नकाशात दार म्हणजे नुसती एक रेघ होती, आणि ते उघडल्यावर शेजारच्या रॅकवर आदळत होते. चकती सरकवत नेली तेव्हा कोठे अडते हे दहा मिनिटांत कळले. शेवटी टेबल, सर्व खुर्च्या व स्टँड बाहेर काढले, दाराची बिजागरी विरुद्ध बाजूला घ्यायला लावली आणि काउंटरमागे दोन उंच स्टुले ठेवून प्रदर्शन पार पाडले.

परत पाठवलेल्या वस्तूंचे भाडे त्याने सोडले नाही. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यातील शीर्षकचौकटीत, प्रमाणाच्या ठळक आकड्याखाली, भिंगाशिवाय वाचता न येणाऱ्या अक्षरांत एक ओळ त्याने बोट ठेवून दाखवली : ‘फर्निचरची चिन्हे केवळ निदर्शक आहेत.’ त्याच कागदावर तळाशी, ‘मान्य’ या शब्दापुढे, माझी सही होती.