एलडीएल दोघांचंही १०८, मग धोका सारखाच का? रेम्नंट, नॉन-एचडीएल की एपोबी

इंदूरला आमच्या घरात कोलेस्टेरॉलचे दोन रिपोर्ट आले, मामांचा आणि त्यांच्या साडूंचा, आणि दोघांचं एलडीएल १०८. साडू म्हणाले, चला, बरोबरीत सुटलो. पण बाकीचे आकडे बघा. मामांचं टोटल १७६, एचडीएल ५०, ट्रायग्लिसराइड ९०. साडूंचं टोटल १९८, एचडीएल ३६, ट्रायग्लिसराइड २७०, शुगरही बॉर्डरवर.

टोटलमधून एलडीएल आणि एचडीएल दोन्ही वजा केलं की उरतं ते रेम्नंट कोलेस्टेरॉल. मामांचं १८, साडूंचं ५४, म्हणजे तिप्पट. हे त्या चरबीवाहू कणांमधलं कोलेस्टेरॉल, ज्यांच्यातली चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइड, रक्तातच थोडी थोडी काढून घेतली जाते आणि मग ते लहान होऊन धमनीच्या भिंतीत शिरू शकतात, एकेका कणात एलडीएलच्या कणापेक्षा जास्त कोलेस्टेरॉल घेऊन. म्हणून नुसतं एलडीएल बघून साडूंना निश्चिंत करणं मला पटत नाही.

आता कोणता आकडा धरायचा? रेम्नंट फुकट मिळतं पण त्यात एक मोठी गोम आहे. बऱ्याच लॅब एलडीएल मोजतच नाहीत, १९७२ च्या फ्रीडवाल्ड सूत्राने काढतात:

```
LDL = TC - HDL - TG/5
```

तसं असेल तर तुमचं रेम्नंट म्हणजे ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग, बस्स, नवीन माहिती शून्य. साडूंचं २७० भागिले ५ बरोबर ५४, ओळखायची खूण हीच, आणि रिपोर्टवर व्हीएलडीएल म्हणून बहुतेक हाच आकडा छापलेला असतो. एलडीएल डायरेक्ट मोजलेलं असेल तर रेम्नंट वेगळं येईल, पण तीन मोजमापांच्या चुका एकत्र येतात, ट्रायग्लिसराइड कमी असेल तर कधी उत्तर चक्क उणेही येतं.

नॉन-एचडीएलमध्ये फक्त एकच वजाबाकी, टोटल वजा एचडीएल. मामा १२६, साडू १६२. यात एलडीएल आणि रेम्नंट दोन्ही आले, उपाशीपोटी असण्याचीही अट नाही आणि टार्गेट ठरलेलं आहे, एलडीएलच्या टार्गेटपेक्षा ३० जास्त. डॉक्टरांनी एलडीएल १०० च्या खाली सांगितलं असेल तर हे १३० च्या खाली, म्हणजे मामा हद्दीत, साडू बरेच बाहेर. मी रोजच्या वापराला हाच आकडा धरेन.

एपोबी वेगळी टेस्ट आहे, वेगळे पैसे लागतात, पण ती थेट कण मोजते कारण अशा प्रत्येक कणावर एपोबी या प्रोटीनचा एकच रेणू असतो. शुगर किंवा ट्रायग्लिसराइड वाढलेलं असेल तर एकदा करून घ्याच, साडूंना मी तेच सांगितलं, मामांना नाही. आणि हो, रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत खाऊन सकाळी सॅम्पल दिलं असेल तर २७० वर लगेच विश्वास ठेवू नका, उपाशीपोटी परत करा.

साडूंचा पुढचा प्रश्न, मग रेम्नंट कमी करायची गोळी घेऊ का? २०२२ च्या प्रॉमिनंट ट्रायलमध्ये पेमाफायब्रेट या गोळीने ट्रायग्लिसराइड आणि रेम्नंट दोन्ही उतरले पण हार्ट अटॅक-स्ट्रोक कमी झाले नाहीत, एपोबी उलट थोडं वाढलंच होतं. त्यामुळे त्यांनी डॉक्टरांशी बोलायचं ते स्टॅटिनबद्दल आणि शुगर, वजन, दारूबद्दल, शिवाय थायरॉइड तपासायचं, ते बिघडलं तरी ट्रायग्लिसराइड चढतं.