दहाच्या घातांवर एका तासिकेत कोणती फिल्म दाखवावी?

सातवी-आठवीच्या वर्गाला घातांक शिकवताना दाखवण्याजोग्या तीन फिल्म आहेत. तिघींचा विषय जवळपास एकच आहे, म्हणजे माणसापासून विश्वाच्या टोकापर्यंत आणि उलट अणूच्या आतपर्यंतचा प्रवास. तरीही 40 मिनिटांच्या तासिकेत त्या एकमेकींची जागा घेऊ शकत नाहीत.

'कॉस्मिक व्हॉएज' (1996) दृश्यदृष्ट्या सर्वांत भव्य आहे; पण ती 35 मिनिटांच्या आसपास चालते आणि प्रोजेक्टर लावण्यात पाच मिनिटे जातातच. शिवाय निम्म्या भागानंतर ती विश्वाच्या उत्पत्तीकडे वळते, म्हणजे घातांक मागे पडतात. विज्ञानाची जोडतासिका मिळत असेल, तरच तिचा विचार करावा.

कॅनडातील 'कॉस्मिक झूम' (1968) सुमारे आठ मिनिटांची आहे आणि तिच्यात एकही शब्द नाही, त्यामुळे माध्यमाचा प्रश्नच उरत नाही. होडीतल्या मुलापासून अवकाशात जाऊन ती परत त्याच्या हातावरच्या डासापर्यंत येते. पाचवीच्या मुलांना ती फार आवडेल, पण पडद्यावर आकडे नसल्याने घातांकाच्या पाठाला तिचा आधार तोकडा पडतो.

चार्ल्स आणि रे ईम्स यांची 'पॉवर्स ऑफ टेन' (1977) मात्र नऊ मिनिटांत थेट पाठ्यविषयावरच चालते. शिकागोतील एका सहलीच्या चादरीवरून एक मीटरच्या चौकटीने सुरुवात होते, दर दहा सेकंदांनी चौकट दसपट होते आणि अंतर व घात दोन्ही पडद्यावर दिसत राहतात. निवेदन इंग्रजीत आहे. मराठी माध्यमात आवाज बंद करून शिक्षकांनी स्वतः बोलावे, हे मला अधिक सोयीचे वाटते.

तिची एक अडचण ध्यानात ठेवायला हवी. प्रत्येक टप्प्याला सारखाच वेळ लागत असल्याने मुलांना प्रत्येक टप्प्यातले अंतरही सारखेच वाटते. हे ओळखण्यासाठी फिल्म थांबवून विचारावे की 10³ ते 10⁴ आणि 10⁶ ते 10⁷ यांपैकी कोणत्या टप्प्यात चौकट अधिक मीटरने वाढली. "सारखीच" असे उत्तर आले, तर मुले घातांकच मोजत आहेत. फळ्यावर वजाबाकी मांडली की पहिला टप्पा 9 किलोमीटरचा आणि दुसरा 9,000 किलोमीटरचा निघतो.

दुसरा थांबा 10⁷ वर घ्यावा. पृथ्वीचा व्यास सुमारे 1.27 × 10⁷ मीटर आहे, तेव्हा ती या चौकटीत मावेल का, हे मुलांना आधी वहीत लिहू द्यावे आणि मगच चित्र पुढे न्यावे. अशा दोन थांब्यांसह फिल्म वीस मिनिटांत संपते आणि उदाहरणांसाठी जवळजवळ पंधरा मिनिटे हाती उरतात. ऋण घातांक अजून शिकवले नसतील, तर 10⁰ वर परत येताच फिल्म बंद करावी आणि हाताच्या त्वचेतून आत जाणारा उत्तरार्ध त्या पाठासाठी राखून ठेवावा.