इंदुरात कोल्हापुरी घेताना: साडेनऊशेची की सोळाशेची?

भाच्याचं लग्न आहे. धोतर नेसायचं ठरलंय आणि धोतराखाली बूट नकोत, म्हणून परवा आमच्या ओटल्यावर कोल्हापुरीचे दोन जोड शेजारी शेजारी मांडले होते. एक राजवाड्याजवळच्या दुकानातला, साडेनऊशेचा, नाही आवडला तर परत करायच्या बोलीवर आणलेला. दुसरा हस्तकला प्रदर्शनात अथणीहून आलेल्या कारागिराकडचा, सोळाशेचा.

"मामा, दोन्ही सारख्याच तर दिसून राहिल्या," भाचा म्हणाला. वरून बघितलं तर त्याचं चूक नव्हतं. तीच वेणी, तोच गोंडा, तोच जुन्या गुळासारखा रंग. मी आत जाऊन माझी गेल्या वर्षीची उसवलेली चप्पल आणली आणि तिसरी म्हणून शेजारी ठेवली. तीही साडेनऊशेवालीच्याच जातीची होती आणि पहिल्याच पावसाळ्यात तिचं पोट उघडं पडलं होतं.

आधी एक शंका मिटवून टाकतो, कारण आमच्याकडे ती हमखास निघते: अथणी तर कर्नाटकात, मग ती कोल्हापुरी कसली? 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून. अथणी बेळगाव जिल्ह्यात येते. गावावरून नाक मुरडण्यात अर्थ नाही. बघायचं ते चपलेतच.

आणि चपलेत सगळ्यांत आधी बघायची ती कड. पट्टा सजवता येतो, रंगवता येतो. तळाची कड मात्र कापलेली असते, म्हणून चामडं आतून कसं आहे ते तिथेच कळतं.

कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावतात. आधी चुन्याने केस काढायचे, मग सालीच्या पाण्यात मुरवायचं. काही ठिकाणी कातड्याचीच पिशवी शिवून तिच्यात ते पाणी भरून टांगतात. सालीतलं तुरट द्रव्य म्हशीच्या जाड कातड्यात गाभ्यापर्यंत शिरायला काही आठवडे लागतात. कारखान्यातलं क्रोम चामडं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारात कमावलेलं, फिरत्या पिंपात एक-दोन दिवसांत तयार होतं. ते मऊ असतं, पाणी जास्त सोसतं, आणि बॅगेला किंवा बुटाच्या वरच्या भागाला उत्तमच आहे. तळाला मात्र ते स्पंजासारखं दबतं आणि शिवणीची भोकं ताणून मोठी होतात. सालीत कमावलेला तळ सुरुवातीला लाकडासारखा कडक असतो आणि महिन्याभरात तुमच्या टाचेचा खळगा धरतो.

प्रदर्शनातल्या जोडाची कड उजेडात धरली तर वरपासून खालपर्यंत एकसारखी तपकिरी होती. गाभा फिकट असेल, मधोमध पांढुरकी किंवा पिवळट, जरा पारदर्शक रेघ दिसत असेल, तर सालीचं पाणी आतपर्यंत पोचलेलंच नाही. बाहेरून कमावलेलं, आत कच्चं कातडं. ते वाळलं की शिंगासारखं कडक होऊन तडकतं आणि भिजलं की वास मारतं. खऱ्या हातकामातला सगळ्यांत मोठा दोष हाच, आणि महागड्या जोडातही तो असू शकतो. म्हणजे सोळाशे मोजले म्हणून कड बघायची नाही असं नाही. दुकानातल्या जोडाची कड दाट गडद रंगाने लिंपलेली होती. नखाने कोपऱ्यात जरा खरवडल्यावर खाली राखाडी-निळसर झाक निघाली. ती क्रोमची खूण.

वासावरून कळतं का? थोडंफार. सालीचं चामडं ओल्या लाकडासारखं, तेलकट वास देतं. पण दुकानात दहा जोड एकत्र असले की नाकाचा निकाल लागत नाही.

घरी मी आणखी एक गोष्ट करतो. गंजलेला खिळा रात्रभर चमचाभर व्हिनेगरमध्ये टाकून ठेवायचा आणि सकाळी त्या पाण्याचा एक थेंब चामड्यावर सोडायचा. प्रदर्शनातल्या कारागिराकडून मी तळाची एक कातरण मागून घेतली होती. तिच्यावर थेंब पडला आणि बघता बघता निळा-काळा डाग उमटला. तुरट द्रव्य आणि लोखंड भेटलं की हे होतं. हिरड्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचाच क्षार, घालून पूर्वी शाई करत, तीच ही रसायनविद्या. माझ्या जुन्या चपलेच्या तळावर थेंब नुसताच ओलसर राहिला. या परीक्षेला मर्यादा आहे: काही क्रोम चामड्यांना शेवटी सालीच्या अर्काचा हात देतात, तीही काळी पडतात. डाग पडलाच नाही तर सालीत कमावल्याचा दावा खोटा धरायला हरकत नाही. पण पडला म्हणून शंभर टक्के खरा असं नाही. आणि हे कातरणीवरच करायचं, परत द्यायच्या जोडावर नाही. तो डाग जात नाही.

हेच रसायन शिवणीशी येऊन भिडतं. सालीच्या चामड्यात लोखंडी खिळा ठोकला आणि त्याला पावसाचं पाणी लागलं, की खिळ्याभोवती काळं कडं पडतं, खिळा गंजतो, भोक सैल होतं. जुन्या पद्धतीत खिळा नसतोच. आरीने भोक पाडून चामड्याच्या वादीने तळाचे थर शिवतात. वादी तळासारखीच चामड्याची, त्यामुळे ओल लागली की दोन्ही एकत्र फुगतात, सुकली की एकत्र आवळतात. यंत्राच्या नायलॉन दोऱ्याचं तसं नसतं. दोरा कुजत नाही हे खरं, पण त्याची भोकं इतकी जवळजवळ असतात की पोस्टाच्या तिकिटासारखी फाडायला सोपी रेघ तयार होते.

दोन्ही जोड पालथे करून मी भाच्याला टाके मोजायला लावले. बोटाच्या दोन पेरांइतकं अंतर धरायचं, पुढच्या चवड्याच्या भागात, कारण टाचेला जादा थर शिवण झाकतात. अथणीच्या जोडाला वर पाच टाके, खाली पाच. टाके थोडे तिरपेही होते, एक जरा लांब, एक आखूड. दुकानातल्या जोडाला वर सुरेख एकसारखे अकरा आणि खाली एकही नाही! शिवण नव्हतीच, ती वरच्या थरावर दाबून उमटवलेली नक्षी होती. तळ नुसत्या सोल्युशनवर चिकटलेला. शिवणीच्या नीटसपणावर भाळू नका. हातच्या वादीला थोडा वाकडेपणा असतोच. मात्र एखादा टाका हलताना दिसला किंवा वादीचं टोक मोकळं लोंबत असलं, तर जोड बदलून मागायचा.

चप्पल पहिल्यांदा तुटते ती अंगठ्याशी आणि कानाशी. कान म्हणजे बाजूला वर आलेल्या त्या चामड्याच्या पातळ पाळ्या, ज्यांवर पट्टा बसतो. कानाचं मूळ दोन थरांच्या मध्ये शिरून शिवणीत सापडलेलं हवं. चिमटीत धरून तळापासून बाहेर ओढून बघायचं. अथणीच्या जोडात काही हललं नाही. दुकानातल्या जोडात थरांमध्ये केसाएवढी फट उघडली आणि सोडल्यावर मिटली.

राहिली जाडी. गिऱ्हाईक सगळ्यांत जास्त फसतं ते इथे, कारण जाड तळ हातात घेतला की पैसे वसूल वाटतात. दुकानातला जोड टाचेला चोवीस मिलिमीटर भरला, अथणीचा जेमतेम अठरा. चवड्याशी पहिला दहा, दुसरा सात. आकड्यांवर गेलात तर दुकानवाला जिंकला. मग मी माझ्या उसवलेल्या चपलेचा तळ पूर्ण उघडला. वर दीड-दोन मिलिमीटर चामडं, खाली तेवढंच पातळ चामडं आणि मध्ये पुठ्ठा. पावसात तो भिजला, पावासारखा फुगला आणि कड फोडून बाहेर आला.

म्हणून जाडी मोजण्याआधी थर मोजायचे. अथणीच्या जोडाला कडेवर थरांच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या: चवड्याशी दोन, टाचेला पाच, प्रत्येक साडेतीन-चार मिलिमीटरच्या आसपास. रंगाने रेघा बुजवल्या असतील तर संशय धरायचा. टाचेच्या कडेवर नख दाबून बघायचं. म्हशीच्या चामड्यावर नखाची पुसटशी खूण उमटते, पुठ्ठ्यात नख रुततं. चप्पल हलकेच वाकवूनही बघा. चामडं रबरासारखा विरोध करत वाकतं, पुठ्ठा आत कुरकुरतो. (चालताना करकर वाजते ती गोष्ट वेगळी. ती हौसेने मुद्दाम करवून घेतात, तिचा दर्जाशी संबंध नाही.)

खरं चामडं असलं तरी चवड्याशी फार जाडी मी घेणार नाही. तळ वाकला नाही तर प्रत्येक पावलाला सगळा ताण अंगठ्याच्या वळ्यावर येतो आणि तेच आधी तुटतं. शहरातल्या चालण्याला चवड्याशी सहा ते आठ मिलिमीटर पुष्कळ झाले.

"म्हणजे दुकानातली परत," भाचा म्हणाला. मी म्हटलं, तुला लग्नापुरती एक दिवस घालायची असती तर तीही चालली असती. फोटोत पुठ्ठा दिसत नाही. रोज स्कूटरवरून हिंडणाऱ्याला, पावसातही चप्पल काढणार नाही म्हणणाऱ्याला मी दोन्ही देणार नाही. त्याने सरळ रबरी तळाची घ्यावी. सालीत कमावलेला तळ एखाददुसरी सर सोसतो, सावलीत वाळवला तर पूर्ववत होतो. पण रोज भिजला तर कोणत्याही शिवणीने टिकणार नाही. ज्याला दसऱ्यापासून होळीपर्यंत दोन-तीन वर्षं घालायची आहे, त्याच्यासाठी सोळाशेची स्वस्त आहे. वादीचे टाके खालून डांबरी रस्त्यावर घासतात, तेव्हा आधीच मोच्याकडून चवड्याला पातळ रबर लावून घ्यावं. चिकटवून, खिळे न ठोकता. ते मोच्याला दोनदा सांगावं लागतं, हात खिळ्याकडेच जातो.

त्याने अथणीचा ठेवला. फक्त उजव्या पायाचं अंगठ्याचं वळं डाव्यापेक्षा घट्ट निघालं. हातच्या जोडात होतं असं, म्हणून दोन्ही पाय घालून बघायचे आणि तेही संध्याकाळी, पाय जरा सुजलेले असताना. आता रात्री जेवण झालं की वळ्याला एरंडेलाचं बोट लावून तो दहा मिनिटं अंगणात फेऱ्या मारतो. लग्नाला अजून तीन आठवडे आहेत.