ग्रॅनोला, कॉर्नफ्लेक्स, ओट्स: काही महिन्यांच्या वापरानंतर राग फक्त वाटीवर

ग्रॅनोलाच्या पुड्यावर पुढे ठळक 'नो अ‍ॅडेड शुगर' आणि मागच्या तक्त्यात १०० ग्रॅमला २१ ग्रॅम साखर. कस्टमर केअरला विचारलं तर उत्तर आलं, "सर, ती खजूर-मनुक्यांची आहे." बरोबरच आहे, फळातली साखर 'अ‍ॅडेड'च्या रकान्यात येत नाही. पण मनुक्याच्या वजनातला निम्म्याहून जास्त भाग साखरच असतो, आणि रक्तात गेल्यावर ती कुठून आली हे कोण विचारतंय?

तरी खरी फसगत साखरेत नाही, वाटीत आहे. पुड्यावरचे 'पर सर्व्हिंग' आकडे ३० किंवा ४० ग्रॅमचे असतात आणि घरी आपण घेतो वाटीने. १५० मिलीची आमटीची वाटी काट्यावर ठेवून बघा. कॉर्नफ्लेक्स जेमतेम १८-२० ग्रॅम भरतात, रोल्ड ओट्स ५० च्या आसपास आणि ग्रॅनोला थेट ७०. म्हणजे त्याच वाटीत ग्रॅनोला साडेतीनपट वजनाचा. ४० ग्रॅमच्या सर्व्हिंगमधली ८ ग्रॅम साखर वाटीत १५ होते आणि वर सुकामेवा-तेलाचे १०-१२ ग्रॅम फॅट. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा नसेल तर या तिन्हींची तुलना करूच नये.

आता सकाळचं गणित. ६० किलोचा माणूस, साडेसहाला ग्राउंडवर किंवा रंकाळ्यावर, खाणं साडेपाचला. तासभर आधी खायचं तर वजनाच्या किलोमागे साधारण १ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे ६० ग्रॅम, हा चालणारा हिशोब. ५० ग्रॅम ओट्समधून सुमारे ३३ ग्रॅम येतात, एका मध्यम केळ्यातून २५ आणि अर्धा कप दुधातून ५-६. झालं काम. प्रोटीन ओट्समधून ६ ग्रॅम, फायबर ५, साखर जवळजवळ नाही. गोडवा सगळा केळ्याचा. ५० ग्रॅमला पाणी पाऊण ग्लास, मंद आचेवर चार-पाच मिनिटं, दूध उतरवल्यावर. कमी पाण्यात केलं तर लापशीचा गोळा होतो आणि तो पोटातही गोळाच राहतो. मसाला ओट्सची पाकिटं सकाळी नकोत, मीठ फार.

कॉर्नफ्लेक्सला सुरुवातीला नापास करून टाकलं होतं: १०० ग्रॅमला फायबर ३, प्रोटीन ७, नुसता मका. पण महिने गेले तसं मत फिरलं. साधं पळणं किंवा लांब चालणं असेल तर ओट्स उत्तम. स्प्रिंट, फुटबॉलची प्रॅक्टिस किंवा तालमीतल्या जोर-बैठका असतील तर त्याच ओट्सचं फायबर आडवं येतं. त्यातलं बीटा-ग्लुकन पाणी धरून चिकट होतं आणि जठर हळू रिकामं होतं. दिवसभर भूक आवरायला हाच गुण, ट्रेनिंगआधी पाऊण तासात दोष. अशा दिवशी ४५-५० ग्रॅम साधे कॉर्नफ्लेक्स (म्हणजे अडीच वाट्या!) आणि एक केळं लवकर पचतं. चॉकलेटवाले नकोत, त्यात साखर साध्याच्या तिप्पट-चौपट असते.

आता कोल्हापूरची खास अडचण: म्हशीचं दूध. कट्ट्यावरच्या धारोष्ण दुधाचा अभिमान मान्य, पण २०० मिलीत १३-१४ ग्रॅम फॅट येतं. ७० ग्रॅम ग्रॅनोला त्यात घातला की फॅट २५ च्या घरात. फॅट पचायला वेळ लागतो. दुसऱ्या राउंडला आंबट ढेकर, कुशीत चमक आणि वाकताना दूध घशाशी आलं तर दोष ग्रॅनोलाला एकट्याला देऊ नका. रात्री दूध तापवून फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी जाड साय काढा, १०० मिलीच घ्या आणि उरलेलं पाणी. पैलवान बदामाची थंडाई मेहनतीनंतर पितात, आधी नाही. त्यात अक्कल आहे.

'हाय प्रोटीन' लिहिलेल्या ग्रॅनोलाचंही तेच. ४० ग्रॅमला ८ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे एक ग्लास दुधाइतकं, आणि किंमत ओट्सच्या किलोमागे सहज तिप्पट. शिवाय मेहनतीच्या तासभर आधी गरज कर्बोदकांची, प्रोटीन नंतरच्या अंड्यांतून येतंच. घेणारच असाल तर घटकांची यादी बघा. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिल्या तिघांत मध, गूळ किंवा कुठलंही सिरप दिसलं तर पुडा परत रॅकवर.

उरलेला ग्रॅनोला वाया घालवू नका, चार वाजता दह्यावर दोन चमचे छान लागतो. पावसाळ्यात मात्र पुड्याला नुसता चिमटा लावून भागत नाही. आठवड्यात कुरकुरीतपणा जातो, नंतर बदामाला खवट वास येतो. घट्ट झाकणाच्या बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवला तर टिकतो.