सहकाऱ्याचे वडील गेले: ग्रुपवर दोन ओळी की वेगळा मेसेज?

ऑफिसातल्या एकीचे वडील गेले. ग्रुपवर वीसेक जणांनी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहून हात जोडले होते. शेजारच्या टेबलावरचा विचारत होता, मीही तेच टाकू की तिला वेगळं लिहू?

ग्रुपवरच्या ओळीला कष्ट नाहीत आणि चुकायची भीतीही कमी. पण श्रद्धांजली गेलेल्याला असते. मागे राहिलेल्या लेकीशी त्यात कुणी बोलतच नाही. विसावी ओळ तर ती वाचतही नसेल.

वेगळ्या मेसेजात ऊब येते, पण तोल तिथेच जातो. त्याचा पहिला मसुदा असा होता: ‘कसं झालं गं अचानक? खंबीर राहा. काही लागलं तर सांग.’ प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं, खंबीर राहा हा हुकूम होतो आणि काय लागेल हे शोधायचं कामही तिच्याच गळ्यात पडतं. शेवटी त्याने हे पाठवलं:

‘बाबा गेल्याचं कळलं, फार वाईट वाटलं. त्यांच्या डब्यातल्या लोणच्याबद्दल तू सांगायचीस, ते आठवलं. महिनाअखेरचा रिपोर्ट मी पाठवतोय. उत्तर द्यायची घाई नाही.’

आठवण एकच, तीही खरी. नसेल तर ती ओळ गाळावी, रचू नये.

नुसती तोंडओळख असेल किंवा दुसऱ्या विभागातलं कुणी असेल, तर ग्रुपवर ‘तुमच्या दुःखात सहभागी आहोत’ पुरे. रोज सोबत जेवणाऱ्याने मात्र वेगळंच लिहावं, आणि तेराव्यानंतर ती कामावर येईल तेव्हा समोरासमोर चौकशीही करावी.