सुट्ट्यांची यादी की शेवटच्या सौद्याची वेळ?

एनएसईसाठी रोज सकाळी आपोआप चालणारी स्क्रिप्ट बंद दिवशी थांबवायचे दोन मार्ग आहेत. एक, वर्षारंभी सुट्ट्यांची यादी फाइलमध्ये ठेवायची. दुसरा, बाजार उघडल्यावर निफ्टीच्या शेवटच्या सौद्याची तारीख पाहायची आणि ती आजची नसेल तर थांबायचं.

जानेवारी 2024 घ्या. सोमवारी, 22 तारखेला बाजार बंद राहणार हे ऐनवेळी ठरलं आणि शनिवारी, 20 तारखेला पूर्ण दिवस व्यवहार झाले. जुनी यादी वापरणारी स्क्रिप्ट सोमवारी चालली असती आणि शनिवारचेच भाव आजचे समजून ऑर्डर टाकत बसली असती. तारीख तपासणारी थांबली असती. मात्र क्रॉनमध्ये असं असेल, तर शनिवारी दोन्ही झोपलेल्याच:

```
16 9 * * 1-5
```

म्हणून शेवटी `1-5` ऐवजी `*` लिहा. वेळ 9:16 ठेवली, कारण 9:15 च्या आधी आजचा सौदा दिसेलच असं नाही.

पण तारखेची तपासणी बाजार कधी उघडणार आणि कधी बंद होणार ते सांगत नाही. 21 ऑक्टोबर 2025 चं मुहूर्त ट्रेडिंग दुपारी 1:45 ते 2:45 होतं. सकाळी तपासून थांबलेली स्क्रिप्ट ते चुकवणार. इथे यादीच लागते, तीही तारखेपुढे सुरू-बंद वेळ लिहिलेली. माझं मत: वेळ यादीवरून ठरवा, पण ऑर्डर तारीख तपासल्याशिवाय सोडू नका.