बोका पाळायचाय? घरात ठेवायचा की बाहेर सोडायचा, दोन्हींचा वर्षाचा हिशोब

नसबंदी झालेला, साधारण 4 किलोचा बोका धरू. एक कोल्हापुरात राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये कायम घरात राहणारा, दुसरा शिवाजी पेठेतल्या कौलांवरून फिरून येणारा. आकडे अंदाजाचे आहेत. दवाखाना बदलला की थोडे बदलतील.

खाण्याचा खर्च दोघांचा सारखाच. दिवसाला 55 ग्रॅम कोरडं खाद्य म्हणजे वर्षाला 20 किलो, आणि किलोला 450 रुपये धरले तर 9,000. फरक पुढे पडतो. घरातल्या बोक्याला लिटर, म्हणजे शी-शूसाठी ट्रेमध्ये घालायची वाळू, लागतं. पाच किलोची पिशवी तीन आठवडे पुरते, म्हणजे वर्षाला सुमारे 6,000. लसी आणि तपासणीचे 1,500, जंताच्या औषधाचे 200 मिळवले की 16,700 होतात.

बाहेरच्याचं लिटर वाचतं, पण पिसवा-गोचीड त्याच्या अंगावर येतातच. मानेवर टाकायचं औषध दर महिन्याला 300 रुपयांचं, वर्षाचे 3,600. ते मांजरांसाठीचंच घ्या. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं आणि त्याने मांजर दगावतं. जंताचं औषध दर तीन महिन्यांनी, म्हणजे 400. लसी तेवढ्याच. एकूण 14,500.

दोन हजारांची ही बचत एका भांडणात जाते. चाव्याची जखम वरून बुजते, आत पू धरतो. दोन-तीन दिवसांनी गाठ आणि ताप दिसतो. ती फोडून साफ करणं आणि अँटिबायोटिक धरून 2,000 ते 4,000. गाडीखाली येऊन हाड मोडलं तर 20,000च्या पुढेही जातं, आणि अवघड शस्त्रक्रियेसाठी पुण्याला किंवा शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यावं लागू शकतं. गाडीभाडं वेगळं.

घरातल्या बोक्याचा मोठा धोका लघवी तुंबण्याचा. कमी हालचाल, वाढलेलं वजन आणि फक्त कोरडं खाणं हे सगळं त्याला पोषक. तो पुन्हापुन्हा लिटरमध्ये बसतो, कुंथतो, ओरडतो, आणि लिटर कोरडंच राहतं. घरचे बद्धकोष्ठ समजून एरंडेल शोधतात आणि तिथेच वेळ जातो. रक्तात पोटॅशियम वाढून दोन-तीन दिवसांत हृदय बंद पडू शकतं, म्हणून त्याच दिवशी, रात्र असली तरी, डॉक्टर गाठा. नळी घालून, सलाईनवर दोन-तीन दिवस ठेवायचे 10,000 ते 15,000 धरा. रोज एक वेळ ओलं खाद्य किंवा मीठ-मसाल्याविना उकडलेलं चिकन त्याच्याच पाण्यासकट दिलं, तर पोटात पाणी जास्त जातं आणि धोका कमी होतो. चिकनने कोरड्या खाद्याची जागा पूर्ण घेऊ नये.

म्हणून घरात ठेवणार असाल तर 15,000, बाहेर सोडणार असाल तर 25,000 बाजूला पडेपर्यंत महिन्याला 1,000 टाकत राहा. पहिल्या वर्षी नसबंदी, पिंजरा आणि पिल्लाच्या जादा लसी यांचे 6,000 ते 7,000 वर लागतील. एवढं जमत असेल तर आमचं मत घरातल्या बोक्याच्या बाजूने आहे: त्याच्या आजाराची चाहूल लिटरमध्ये रोज दिसते, बाहेरच्याची लघवी कुणी पाहत नाही.